चंद्र-मंगळ योग : मिळवण्याचा कीं राखण्याचा ?

या सदराकडे येणाऱ्या पत्रांतून एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांनीं पुनःपुन्हां विचारला जातो. "माझ्या पत्रिकेंत चंद्र-मंगळ एकत्र आहेत, यालाच लक्ष्मीयोग म्हणतात ना? मग पैसा केव्हां येणार?" या महिन्यांत मात्र जें पत्र आलें आहे त्यांत नुसतें कुतूहल नाहीं. एका गृहस्थांचे चिरंजीव कारखान्यांत इंजिनियर आहेत. नोकरी सोडून खाद्यपदार्थ तयार करण्याचा स्वतःचा कारखाना काढावा असें त्यांच्या मनानें घेतलें आहे, आणि भांडवलासाठीं वडिलांचें राहतें घर बँकेकडे गहाण टाकावयाचें आहे. एका ज्योतिष्यांनीं पत्रिका पाहून, "चंद्र-मंगळाचा लक्ष्मीयोग धनस्थानांत आहे, खुशाल उडी घ्या," असें सांगितलें. पत्रलेखकांच्या सौभाग्यवतींना मात्र झोंप नाहीं. "आपण काय म्हणतां?" असें ते विचारतात.

अशा प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत देणें सोपें आहे, पण तें जबाबदारीचें होणार नाहीं. तेव्हां हा योग म्हणजे काय, जुन्या ग्रंथकारांनीं त्याविषयीं नक्की काय म्हटलें आहे, आणि त्याची पारख कशी करावयाची, हें आधीं पाहूं. नंतर एक पत्रिका मांडून तिच्यावर तें सारें लावून पाहूं.

प्रथम नांवाचा घोटाळा काढून टाकला पाहिजे. चंद्र व मंगळ एका राशींत असणें, किंवा एकमेकांपासून सातव्या राशींत असणें, याला चंद्र-मंगळ योग म्हणतात. लोकांत त्यालाच लक्ष्मीयोग म्हणण्याची चाल आहे. परंतु ग्रंथांतला लक्ष्मीयोग निराळा. त्यांत भाग्येश, म्हणजे नवव्या स्थानाचा स्वामी, स्वराशींत किंवा उच्च राशींत राहून केंद्रांत अथवा त्रिकोणांत असावा लागतो, आणि त्याच्या जोडीला कोणी लग्नेशाचें बळ मागतात, तर कोणी शुक्राचें. चंद्र आणि मंगळ एका घरांत बसले एवढ्यानें तो होत नाहीं. नांव एक झालें म्हणून फळहि एकच समजणें, ही पहिली चूक.

दुसरी गोष्ट अगदीं साध्या गणिताची आहे. चंद्र सुमारें सत्तावीस दिवस आठ तासांत बारा राशी फिरतो, म्हणजे प्रत्येक राशींत तो सव्वादोन दिवस राहतो. मंगळ कोठेंहि असो, चंद्र दर फेरींत त्याच्या राशींत येणारच. त्यामुळें बारा माणसांत सुमारें एकाच्या पत्रिकेंत हे दोन ग्रह एकत्र असतात. समोरासमोरचा योग धरला तर सहांत एक. कांहीं ज्योतिषी मंगळाची चौथी व आठवी दृष्टीहि या योगांत मोजतात; तसें केलें तर बारांपैकीं चार राशी येतात, आणि प्रत्येक तिसऱ्या माणसाला हा योग लाभतो! आपल्या चाळींत किंवा सोसायटींत प्रत्येक तिसरा मनुष्य धनाढ्य आहे काय, हें वाचकांनींच पाहावें. मी स्वतः युति आणि प्रतियुति एवढेंच या योगांत धरतों. तरीहि सहांत एकाला जें मिळतें, तें एकटें कोणाला श्रीमंत करूं शकत नाहीं. योग म्हणजे बीज. जमीन, पाणी आणि ऋतु पाहिल्यावांचून बीजावरून पीक सांगतां येत नाहीं.

आतां ग्रंथकार काय म्हणतात तें पाहूं. वराहमिहिरानें बृहज्जातकांत द्विग्रहयोगांचें एक स्वतंत्र प्रकरण लिहिलें आहे. तेथें चंद्र-मंगळाचें फळ त्यानें अगदीं थोडक्यांत दिलें असून तें वाचून आजचा वाचक दचकतो. असा मनुष्य कूट, स्त्रिया, आसव आणि घट यांचा व्यापार करतो व मातेला अशुभ होतो, एवढाच त्याचा आशय. त्यांत "धनवान्" असा शब्द नाहीं. कल्याणवर्म्याची सारावली थोडी उदार आहे. ती शौर्य सांगते, आणि माती, कातडें व धातु यांवरील कारागिरी सांगते. पण मातेशीं विरोध तीहि सोडीत नाहीं. विसाव्या शतकांत बेंगळूरचे बी. व्ही. रामन यांनीं तीनशें योगांवर जें पुस्तक लिहिलें, त्यांतहि मूळ फळ कडकच दिलें आहे, आणि चांगल्या स्थानीं हा योग चांगलें फळ देतो अशी पुस्ती मागाहून जोडली आहे.

मग लोकांनीं यांत लक्ष्मी कोठून पाहिली? तर वराहमिहिराच्या यादींतल्या वस्तूंकडे नीट पाहावें. कूट शब्दाचा एक अर्थ कपट असा आहे, हें खरें. पण संस्कृतांत कूट म्हणजे लोखंडी घण असाहि अर्थ आहे. घट हा ओल्या मातीला विस्तव लावून होतो. आसव हें द्रवाला ऊब देऊन, आंबवून होतें. दारू तशी औषधी आसवेंहि. चंद्र हा जलाचा, मंगळ हा अग्नीचा. पाणी आणि विस्तव एकत्र येऊन जें तयार होतें आणि बाजारांत विकलें जातें, त्याची ही यादी आहे. आज त्याच यादींत आपण खानावळ, दुग्धालय, औषधांचा कारखाना, रंग-रसायनें, बॉयलर, शेतीचे पंप अशी भर घालूं शकतों. स्त्रियांचा व्यापार हा तर त्या काळींहि निंद्यच होता, आणि तो यादींत आहे यावरून एवढेंच समजावें, कीं या योगाला स्वतःचा असा विवेक नाहीं. ज्याला विवेक नाहीं त्याच्या हातीं तो कोणत्याहि वस्तूचा सौदा करील.

या सर्व वस्तूंत समान काय आहे? त्या विक्रीच्या आहेत. ग्रंथकारानें सांगितला आहे तो व्यापार. सांठा सांगितलेला नाहीं. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हा योग मिळवण्याचा आहे, राखण्याचा नव्हे. पैसा येतो, फिरतो, पुन्हां कामाला लागतो. तो पेटींत राहील कीं नाहीं, हें सांगण्यासाठीं दुसऱ्या स्थानाकडे, लाभस्थानाकडे आणि धनाचा कारक जो गुरु त्याच्याकडे जावें लागतें. चंद्र-मंगळावरून तें समजत नाहीं.

आतां उद्यमाकडे वळूं. कालपुरुषाच्या वर्णनांत सूर्य हा आत्मा, चंद्र हें मन आणि मंगळ हें सत्त्व, असें वराहमिहिर सांगतो. सत्त्व म्हणजे येथें धैर्य, कर्तृत्वाचा जोर. मन आणि जोर एका घरांत राहूं लागले म्हणजे इच्छा आणि कृति यांमधलें अंतर नाहींसें होतें. इतरांच्या मनांत विचार येतो, ते चार जणांना विचारतात, आठ दिवस थांबतात. या माणसाच्या मनांत विचार आला कीं तो उठून चालूं लागतो. जेथें संधि क्षणभरच उभी असते तेथें हा गुण लाखाचा. पण जेथें कागद नीट वाचून सही करावयाची असते तेथें हाच गुण घर बुडवतो.

तो ओळखावयाचा कसा? पत्रिका न पाहतांहि घरांतल्या हिशेबाच्या वहीवरून त्याचा सुगावा लागतो. अशा माणसाच्या वहींत जमेच्या रकमा मोठ्या व अनियमित असतात. खर्चांत कामाचा "आरंभ" पुष्कळ वेळां दिसतो : नवें यंत्र, नवी जागा, नवी अनामत. शिल्लक मात्र महिन्याच्या अखेरीस जेथल्या तेथें. पैसा स्वस्थ पडलेला त्याला पाहवत नाहीं. घेणें उगवावयाला गेला तर तो भांडून घेऊन येतो, पण रागाच्या भरांत जुनें गिऱ्हाईकहि तोडून येतो. हीं लक्षणें स्पष्ट असलीं तर योग जागा आहे असें समजावें. पत्रिकेंत योग असून मनुष्य मुळींच असा नसेल, तर योग दुर्बळ आहे, किंवा दुसऱ्या ग्रहानें त्याला आवरून धरलें आहे.

योगाचें बळ पाहतांना मी तीनच गोष्टी पाहतों. पहिली चंद्राची कला. शुक्ल अष्टमीपासून कृष्ण सप्तमीपर्यंतचा चंद्र बळकट. तो मंगळाचा जोर पेलूं शकतो. अमावास्येजवळचा क्षीण चंद्र मंगळाबरोबर बसला तर जोर राहतो आणि मन थकतें. असा मनुष्य चिडतो फार, मिळवतो थोडें.

दुसरी गोष्ट राशि. या दोन ग्रहांचें नातें मोठें विलक्षण आहे. मंगळ चंद्राला मित्र मानतो. चंद्र मंगळाला केवळ सम मानतो. मैत्री एका बाजूची. शिवाय चंद्राची नीच राशि वृश्चिक, ती मंगळाचें घर. आणि मंगळाची नीच राशि कर्क, ती चंद्राचें घर. एकमेकांच्या घरीं गेले कीं पाहुण्याचा मान जातो! मेषेंत मंगळ स्वगृहीं, मकरेंत उच्चीचा. तेथें त्याचें काम शिस्तीचें होतें. वृषभेंत चंद्र उच्चीचा, तेथें मनाला धीर असतो. कर्केंत एकत्र असले तर मंगळ नीच खरा, पण घरधनी चंद्र स्वतः घरांत असल्यामुळें नीचत्वाचा भंग होतो. तेथें आरंभ खडतर आणि पुढें यश, असें फळ सांगतात. सर्वांत उत्तम स्थिति समोरासमोरची : कर्केंत चंद्र स्वगृहीं आणि मकरेंत मंगळ उच्चीचा. ही स्थिति वाचकांना एका अत्यंत परिचित पत्रिकेंत दिसेल. वाल्मीकिरामायणांत श्रीरामजन्माच्या वेळीं कर्क लग्न, पुनर्वसु नक्षत्र आणि पांच ग्रह उच्चीचे असें वर्णन आहे. ते पांच कोणते हें परंपरेनें ठरवलें असून त्यांत मकरेचा मंगळ येतो. म्हणजे लग्नीं चंद्र, सप्तमांत मंगळ, श्रेष्ठ प्रतीचा चंद्र-मंगळ योग. तेथें पराक्रम आहे, संकल्प घेतला कीं तो तडीस नेणें आहे. पण राज्य हाताशीं आलेलें सोडून चौदा वर्षें वनांत जावें लागलें, आणि पत्नीचा वियोग झाला. श्रेष्ठ योगहि तिजोरीची हमी देत नाहीं, हें सांगण्यास याहून मोठें उदाहरण शोधण्याचें कारण नाहीं.

तिसरी गोष्ट स्वामित्व. चंद्र-मंगळ त्या त्या लग्नाला कोणत्या घरांचे मालक होतात, हें न पाहतां फळ सांगणें म्हणजे दुकानदार कोण हें न पाहतां दुकानाची किंमत करणें. कर्क लग्नाला चंद्र लग्नेश आणि मंगळ पंचम व दशम यांचा स्वामी, म्हणजे योगकारक. मीन लग्नाला चंद्र पंचमेश आणि मंगळ धनेश व भाग्येश. या दोन लग्नांना हा योग खरोखर धनाचा होतो. मिथुन लग्नाला चंद्र धनेश आणि मंगळ लाभेश, म्हणून पैसा येतो. पण मंगळ षष्ठेशहि असल्यानें कर्जाची सांवली घेऊनच येतो. उलट धनु लग्नाला चंद्र अष्टमेश, आणि मंगळ पंचमेश असला तरी व्ययेशहि. तेथें या योगावर भांडवल उभारूं नये.

आतां उदाहरण. पत्रलेखकांच्या चिरंजीवांची पत्रिका येथें छापणें प्रशस्त नाहीं. म्हणून त्यांच्या प्रश्नाला जुळेल अशी एका दिवसाची ग्रहस्थिति घेतों. रविवार, १२ फेब्रुवारी १९८९, माघ शुद्ध सप्तमी, म्हणजे रथसप्तमी. या दिवशीं सकाळीं साडेनऊच्या सुमारास पुण्यास कोणी जन्मला असें समजूं. त्या वेळीं मीन लग्न उदय पावत होतें. मेषेंत चंद्र सुमारें १९ अंशांवर आणि मंगळ सुमारें २० अंशांवर, म्हणजे दोघे जवळ जवळ चिकटलेले. वृषभेंत गुरु, धनूंत शनि, कुंभेंत राहु. आणि मकरेंत सूर्य, बुध व शुक्र. सूर्य मकरेच्या शेवटच्या अंशांत होता.

प्रथम बळ पाहूं. सप्तमीचा चंद्र वाढता आहे, पण अजून अर्धा झालेला नाहीं, मध्यम बळ. राशि मेष, मंगळ स्वगृहीं; उत्तम. चंद्र समाच्या घरीं; ठीक. अंतर एका अंशाच्या आसपास, म्हणून योग अगदीं घट्ट. स्वामित्व तर मघां सांगितल्याप्रमाणें : धनेश, भाग्येश आणि पंचमेश हे तिघेहि, म्हणजे दोन ग्रहांच्या रूपानें, धनस्थानांतच बसले आहेत. मंगळ आठव्या दृष्टीनें आपल्याच वृश्चिकेला, म्हणजे भाग्यस्थानाला पाहतो. लग्नेश गुरुहि तिसऱ्या स्थानांतून सातव्या दृष्टीनें तेथेंच पाहतो. अशी पत्रिका समोर ठेवली तर कोणीहि ज्योतिषी "लक्ष्मीयोग" म्हणून हर्षानें उद्गार काढील, आणि त्यांत त्याची चूक नाहीं. येथवर तो बरोबरच आहे. चुकतो तो पुढें, कारण येथेंच थांबतो.

योग आहे तो फळतो केव्हां? त्यासाठीं दशा पाहावी लागते. १९ अंशांवरचा चंद्र भरणी नक्षत्रांत. भरणी मेषेच्या १३ अंश २० कलांपासून २६ अंश ४० कलांपर्यंत. नक्षत्राच्या एकंदर ८०० कलांपैकीं भोगावयाच्या राहिल्या ४६०. भरणीचा स्वामी शुक्र, त्याची महादशा वीस वर्षांची. त्या प्रमाणांत जन्मकाळीं शुक्रदशेचीं सुमारें साडेअकरा वर्षें शिल्लक होतीं. तीं २००० च्या उत्तरार्धांत संपलीं. पुढें सूर्याचीं सहा वर्षें, २००६ पर्यंत. नंतर चंद्राचीं दहा, २०१६ पर्यंत. आणि मंगळाचीं सात, २०२३ पर्यंत. म्हणजे ज्या दोन ग्रहांचा योग, त्यांच्या दोन्ही महादशा वयाच्या साडेसतराव्या वर्षापासून साडेचौतिसाव्या वर्षापर्यंत होऊन गेल्या. शिक्षण, पहिली नोकरी, पगारवाढ, स्वतःची मिळकत, हें जें त्या काळांत झालें असेल तेंच या योगाचें मुख्य फळ. योगानें आपलें देणें बहुतेक चुकतें केलेलें आहे, आणि घरांतील मंडळी मात्र तें यावयाचें आहे म्हणून वाट पाहत बसलीं आहेत! दशा न पाहतां योग सांगितला कीं असें होतें.

२०२३ च्या उत्तरार्धापासून राहूची महादशा, अठरा वर्षांची. राहु कोठें आहे? कुंभेंत, म्हणजे बाराव्या, व्ययाच्या स्थानांत. त्या कुंभेचा स्वामी शनि दशमांत, कर्मस्थानांत. यावरून खर्च होईल तो धंद्याच्या निमित्तानें होईल, चैनीच्या निमित्तानें नव्हे, असें अनुमान निघतें. म्हणून मुलाच्या बेतांत कांहीं वावगें आहे असें मी म्हणत नाहीं. राहूच्या दशेंत माणसाला मोठें कांहीं काढावेंसें वाटतें, तेंहि स्वाभाविक. परंतु शनीकडे आणखी एकदां पाहूं. तो धनूंतून सातव्या दृष्टीनें मिथुनेला पाहतो. मीन लग्नाला मिथुन हें चौथें स्थान : राहतें घर, आणि माता. पाहणारा शनि हा या लग्नाला लाभाचा जसा, तसा व्ययाचाहि स्वामी. दशा व्ययांतल्या राहूची, आणि व्ययेशाची दृष्टि घरावर. अशा वेळीं जी वस्तु गहाण पडणार ती घरच आहे, हें वाचून कोणाहि जाणत्याच्या कपाळाला आठी पडेल.

त्यांत गोचराची भर आहे. २९ मार्च २०२५ रोजीं शनि मीन राशींत आला, तेव्हांपासून मेष राशीला साडेसाती लागली. जन्मचंद्र मेषेंत आणि त्याच्याजवळच मंगळ; म्हणजे पुढें शनि मेषेंत येईल तेव्हां तो या योगाच्या अंगावरूनच चालणार. मिळकत बंद होते असें त्याचें फळ नव्हे. उतावीळपणाचा हिशेब चुकता करावा लागतो, असें आहे. घाईनें केलेल्या सह्या, तोंडी ठरलेले भाव, भागीदारावर टाकलेला विश्वास, हे सारे त्या काळांत तपासले जातात.

अंतर्दशा पाहिल्यास मार्ग अगदीं बंदहि नाहीं. राहूंत राहूची अंतर्दशा दोन वर्षें आठ महिन्यांची. ती २०२६ च्या पूर्वार्धापर्यंत. तेथून २०२८ च्या उत्तरार्धापर्यंत गुरूची. गुरु या पत्रिकेंत लग्नेश आणि दशमेश असून पराक्रमस्थानांत आहे, आणि त्याची दृष्टि भाग्यावर व लाभावर आहे. धंद्याचा आरंभ करावयाचा तर त्या अवधींत करावा. पण पराक्रमस्थान म्हणजे स्वतःचे हात. दुसऱ्याच्या घरावर उभारलेल्या भांडवलाचें तें स्थान नव्हे.

यावरून पत्रलेखकांस उत्तर असें. आपल्या चिरंजीवांच्या पत्रिकेंत योग आहे, तो चांगल्या स्थानीं आहे, आणि खाद्यपदार्थांचा धंदा हा पाणी व विस्तव यांचा असल्यानें ग्रहांच्या स्वभावाला धरून आहे. तेव्हां मुलाची हिंमत खच्ची करूं नये. परंतु त्यांची दशा व गोचर वरील उदाहरणाप्रमाणें असेल, तर घर गहाण टाकूं नये. आपण पाठवलेल्या पत्रिकेंत चंद्राचे अंश दिलेले नाहींत. त्यावांचून दशेचा शेष निघत नाहीं, आणि दशेच्या शेषावांचून या प्रश्नाचा निकाल लागत नाहीं. चंद्र नक्षत्रांत एक अंश पुढेंमागें झाला तर शुक्राच्या दशेंत दीड वर्षाचा फरक पडतो. जन्मवेळ रुग्णालयाच्या दाखल्यावरून पडताळून घ्यावी, आणि चंद्राचे अंश-कला त्यावरून काढवून मजकडे पाठवाव्या.

तोंवर मुलानें एक करावें. नोकरी न सोडतां, शनिवार-रविवारच्या वेळांत, आपल्या शिल्लकेच्या आंत बसेल एवढाच माल काढून विकून पाहावा. त्याचा जमाखर्च स्वतंत्र वहींत लिहावा. दर महिन्याच्या अखेरीस त्या वहींतून एकच आंकडा काढावा : घरांत परत किती आलें. धंद्यांत पुन्हां घातलेला पैसा या आंकड्यांत धरूं नये, कारण चंद्र-मंगळाचा मनुष्य फिरत्या पैशालाच नफा समजतो, आणि तेथेंच फसतो. बारा महिन्यांच्या बारा आंकड्यांत आठ तरी जमेच्या बाजूला असले, तर बँकेकडे यंत्रासाठीं कर्ज मागावें आणि तारण यंत्राचेंच द्यावें. ते नसले, तर योग उत्तम असूनहि धंदा अजून तयार नाहीं, असें समजावें.

राहिली सौभाग्यवतींची धास्ती. या योगाच्या फळांत प्राचीनांनीं मातेचा उल्लेख एकमतानें केला आहे. पुष्कळ जण तो वाचून आईच्या आयुष्याची काळजी करूं लागतात. तसें करण्याचें कारण नाहीं. चंद्र हा मातेचा कारक आणि मनाचाहि. मुलाच्या घाईचा पहिला चटका ज्या व्यक्तीला बसतो ती बहुधा आईच असते : तिचें घर, तिचे दागिने, तिची झोंप. आपल्या घरीं तो उल्लेख अक्षरशः खरा होऊं पाहत आहे. तेव्हां गहाणखताचा कागद घरांत येण्यापूर्वीं तिची संमति विचारावी, आणि ती "नाहीं" म्हणाली तर तें उत्तर अखेरचें मानावें.

पुढील अंकीं गुरु-चंद्राच्या गजकेसरी योगाचा विचार करूं. प्रश्न पाठवणाऱ्या वाचकांनीं जन्मवेळेबरोबर जन्मगांव आणि चंद्राचे अंश लिहावे, ही विनंती.